चित्राचे तुकडे आणि माहितीची टंचाई : व्हिजन ट्रान्सफॉर्मरच्या दाव्याची एक चिकित्सा

प्रस्तावना

सुरतच्या दक्षिणेस असलेले सचिन हे एकेकाळी सिद्दी नवाबांच्या छोट्या संस्थानाचे गाव होते. आज ते ओळखले जाते ते औद्योगिक वसाहतीमुळे आणि तेथील विणकामाच्या कारखान्यांमुळे. खानदेशातून सुरत परिसरात आलेली अनेक मराठी कुटुंबे याच धंद्यावर जगतात. मागावरून उतरलेले ग्रे कापड प्रक्रियेसाठी जाण्यापूर्वी तपासणीच्या टेबलावरून ओढले जाते. तुटलेला ताणा, चुकलेला बाणा, गाठ, भोक किंवा तेलाचा डाग दिसला की तपासनीस तेथे खूण करतो. ताक्यात दोष किती निघाले यावर मालाचा दर ठरतो, आणि कित्येकदा विणणाऱ्याच्या मजुरीतील कपातही ठरते. मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजी येथील वाचकांना ही पद्धत वेगळी सांगण्याची गरज नाही.

हे डोळ्यांचे काम संगणकाकडे सोपवता येईल काय, हा प्रश्न अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हमखास येतो. पूर्वी त्याचे उत्तर कन्व्होल्यूशनल जाळे हे असे. २०२० नंतर त्याची जागा 'व्हिजन ट्रान्सफॉर्मर' या नावाने घेतली आणि नवे ते अधिक चांगले असा समज रूढ झाला. ज्या निबंधातून हा समज निघाला, त्या निबंधात प्रत्यक्षात काय सिद्ध झाले आहे आणि थोड्या चित्रांवर काम करणाऱ्याला ते कितपत लागू पडते, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ निबंधाचा दावा आणि त्याची अट

ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलच्या संशोधन विभागातील अलेक्सी दोसोवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील कल्पना साधी आहे. भाषेच्या कामासाठी तयार झालेला ट्रान्सफॉर्मर वाक्याकडे शब्दांची माळ म्हणून पाहतो. चित्राचेही सारखे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला शब्दासारखे वागवावे, असे या निबंधाचे म्हणणे आहे. २२४ गुणिले २२४ पिक्सेलच्या चित्राचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे तुकडे पाडले, तर आडवे १४ आणि उभे १४ असे १९६ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात तीन रंगांचे मिळून ७६८ आकडे असतात. या आकड्यांवर एकच गुणाकार करून तुकड्याची एक सदिश राशी तयार होते, तिच्यात तुकड्याच्या जागेची खूण मिसळली जाते आणि पुढे प्रत्येक तुकडा इतर सर्व तुकड्यांशी स्वतःला ताडून पाहतो. या ताडून पाहण्यालाच 'अवधान' म्हणतात.

निबंधाचा गाजलेला निष्कर्ष असा की, या पद्धतीचे सर्वात मोठे जाळे इमेजनेट या प्रमाण चाचणीत ८८.५५ टक्के अचूकतेपर्यंत पोचले आणि तोपर्यंतच्या मोठ्या कन्व्होल्यूशनल जाळ्याला त्याने मागे टाकले. मात्र हे जाळे आधी सुमारे ३० कोटी चित्रांच्या संग्रहावर शिकवलेले होते. तो संग्रह गूगलच्या अंतर्गत वापरातला होता, बाहेरच्यांना तो उपलब्ध नव्हता.

दुसरा निष्कर्षही त्याच निबंधात आहे, परंतु तो फारसा सांगितला जात नाही. केवळ इमेजनेटच्या सुमारे १३ लाख चित्रांवर शिकवले असता मोठा ट्रान्सफॉर्मर त्याच्याच लहान भावंडापेक्षा कमी पडला. लेखकांनी मोठ्या संग्रहाचे ९० लाख, ३ कोटी, ९ कोटी आणि ३० कोटी असे भाग करून पाहिले, तेव्हा ९० लाख चित्रांवर ट्रान्सफॉर्मर तुल्यबळ कन्व्होल्यूशनल जाळ्याच्या बराच मागे होता आणि ९ कोटींवर तो पुढे गेला. लेखकांनी हे लपवलेले नाही. पुरेशी माहिती असेल तर जाळ्यात आधीपासून घालून दिलेल्या गृहीतकांची गरज उरत नाही, हेच त्यांचे प्रतिपादन आहे. दोष आहे तो वाचणाऱ्यांचा. त्यांनी 'पुरेशी माहिती असेल तर' ही अट गाळली आणि निष्कर्ष तेवढा उचलला. सचिनच्या कारखान्यात दोषांची चित्रे लाखांत मोजली जात नाहीत. शेकड्यांत मिळाली तरी पुष्कळ. म्हणून येथे अटीलाच सर्वाधिक महत्त्व आहे.

गृहीतके कोठे दडलेली असतात

कन्व्होल्यूशनल जाळ्यात ३ गुणिले ३ पिक्सेलची एक छोटी चाळणी सबंध चित्रावरून सरकत जाते. या रचनेत दोन गोष्टी आधीच मान्य केलेल्या आहेत. पहिली अशी की, जवळच्या पिक्सेलांचा एकमेकांशी संबंध दूरच्या पिक्सेलांपेक्षा अधिक असतो. दुसरी अशी की, एखादी खूण चित्राच्या डाव्या कोपऱ्यात ओळखता आली तर उजव्या कोपऱ्यात ती पुन्हा शिकावी लागू नये. रंगीत चित्रावरील अशा एका चाळणीत अवघे २७ भारांक असतात. गाठीची कड ओळखणारी चाळणी एका चित्रातून शिकली गेली, तरी ती सर्व ठिकाणी उपयोगी पडते.

व्हिजन ट्रान्सफॉर्मरमध्ये यांपैकी फार थोडे आधी दिलेले असते. सर्व तुकड्यांवर एकच गुणाकार होतो, तेवढ्यापुरती दुसऱ्या गृहीतकाची छाया तेथे आहे. पण कोणता तुकडा कोणाच्या शेजारी आहे हे जाळ्याला ठाऊक नसते. जागेची खूण काढून टाकली, तर १९६ तुकडे पत्त्यांसारखे पिसून दिले तरी त्याच्या उत्तरात फरक पडणार नाही. जागेच्या खुणाही सुरुवातीला यादृच्छिक असतात. पहिल्या ओळीतील पंधरावा तुकडा नसतो, तर पंधरावा तुकडा पहिल्याच्या खाली येतो, एवढी साधी गोष्टही त्याला चित्रे पाहून शिकावी लागते.

हे शिकणे थोड्या चित्रांत होते का, याचे उत्तर २०२१ मध्ये मैत्रा रघु आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळाले. प्रत्येक थरातील अवधान सरासरी किती अंतरावर जाते, हे त्यांनी मोजले. विशाल संग्रहावर शिकलेल्या जाळ्याच्या खालच्या थरांत काही अवधाने जवळच्या तुकड्यांकडे तर काही दूरच्या तुकड्यांकडे वळलेली आढळली. केवळ इमेजनेटवर शिकलेल्या मोठ्या जाळ्यांत मात्र खालचे थर जवळ पाहण्यास शिकलेच नव्हते, आणि त्यांची कामगिरीही उणी होती. कन्व्होल्यूशनल जाळ्याला जे जन्मतःच मिळते, ते ट्रान्सफॉर्मरला १३ लाख चित्रे पाहूनही नीट जमले नाही. 'माहितीची भूक' या ढोबळ शब्दांमागे ही ठोस गोष्ट आहे.

तुकडे पाडण्याची किंमत

तुकड्यांच्या सीमा चित्रातील मजकूर पाहून ठरत नाहीत. जाळीसारख्या त्या आधीच आखलेल्या असतात. कुत्रा किंवा मोटार ओळखताना याने फारसे बिघडत नाही, कारण ती वस्तू कित्येक तुकडे व्यापते. कापडावरील दोष मात्र लहान असतो.

समजा, चित्रात एखादी गाठ ६ गुणिले ६ पिक्सेलची आहे. ती संपूर्णपणे एकाच तुकड्यात पडली, तर त्या तुकड्याच्या २५६ पिक्सेलांपैकी ३६ म्हणजे सुमारे १४ टक्के भाग ती व्यापते. तीच गाठ चार तुकड्यांच्या कोपऱ्यावर पडली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ९ पिक्सेल, म्हणजे साडेतीन टक्के येतात. गाठ कोठेही पडू शकते असे धरले, तर ती एकाच तुकड्यात पूर्ण सामावण्याच्या जागा उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांत १६ पैकी ११ असतात. दोन्हींचा गुणाकार केला तर २५६ पैकी १२१, म्हणजे सुमारे ४७ टक्के. निम्म्याहून अधिक वेळा गाठ कापलीच जाणार. कापलेले भाग अवधानाच्या आधारे जोडता येत नाहीत असे नाही, पण जोडावे कसे हे शिकायला कापलेल्या गाठींची पुरेशी उदाहरणे लागतात, आणि टंचाई नेमकी त्यांचीच आहे.

दुसरी अडचण कापडाच्या स्वभावातून येते. विणीचा नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येतो. हे अंतर १० पिक्सेलचे आहे असे धरू. तुकडा १६ पिक्सेलचा असल्याने पहिला तुकडा नमुन्याच्या आरंभापासून सुरू होईल, दुसरा सहाव्या पिक्सेलपासून, तिसरा दुसऱ्यापासून, चौथा आठव्यापासून, पाचवा चौथ्यापासून, आणि सहावा पुन्हा आरंभापासून. एकाच निर्दोष कापडाची आडव्या दिशेत पाच वेगवेगळी रूपे तयार झाली. उभ्या दिशेतही अंतर तेवढेच असेल तर ती पंचवीस होतात. ती सर्व निर्दोषच आहेत, हे जाळ्याला आधी शिकावे लागते. त्यानंतर दोष वेगळा दिसू लागतो. पिक्सेलागणिक सरकणाऱ्या चाळणीला हा भेद जाचत नाही. अर्थात कन्व्होल्यूशनल जाळीही थरागणिक चित्र लहान करत जातात आणि सरकवण्याचा परिणाम त्यांच्यातही पूर्णपणे शून्य नसतो. परंतु तेथे हे काम टप्प्याटप्प्याने आणि एकमेकांवर येणाऱ्या खिडक्यांतून होते, एका घावात नव्हे.

तुकडे लहान करावेत, हा उपाय सुचतो. ८ पिक्सेलचे तुकडे केले तर त्यांची संख्या १९६ वरून ७८४ होते. पण प्रत्येक तुकडा इतर सर्वांशी ताडला जात असल्याने तुलनेच्या जोड्या चौपट नव्हे, सोळापट होतात. साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील यंत्राला तो भार सहजी पेलत नाही.

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. बाण्याची घनता हळूहळू बदलून पडलेला फिकट पट्टा हा दोष कोणत्याही एका ठिकाणी दिसत नाही. कापडाचा वरचा भाग खालच्या भागाशी ताडला तरच तो लक्षात येतो. तेथे पहिल्याच थरापासून दूरवर पाहणारे अवधान स्वभावतः सोयीचे आहे. त्यामुळे कोणते जाळे चांगले, या प्रश्नाला दोषाचा प्रकार सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

टंचाईवरील उपाय आणि त्यांचा अर्थ

मूळ निबंधानंतर दोन-तीन महिन्यांतच, डिसेंबर २०२० मध्ये, ह्यूगो तूव्रों आणि सहकाऱ्यांनी केवळ इमेजनेटवर शिकवलेला ट्रान्सफॉर्मर ८१.८ टक्क्यांपर्यंत नेऊन दाखवला. चित्रांत कृत्रिम फेरफार करणे, दोन चित्रे मिसळणे, चित्राचा एखादा चौकोन पुसणे अशा युक्त्यांचा त्यांनी कसून वापर केला. शिवाय आधी शिकलेल्या दुसऱ्या जाळ्याला शिक्षक नेमून त्याच्या उत्तरांवरून विद्यार्थी जाळे शिकवल्यावर आकडा ८३.४ वर गेला. हा शिक्षक कन्व्होल्यूशनल जाळे होता, आणि ट्रान्सफॉर्मर शिक्षकापेक्षा तो अधिक उपयोगी ठरला असे लेखकांनीच नोंदवले आहे. शेजाराचे जे गृहीतक रचनेतून काढून टाकले, ते शिकवणीच्या वाटेने परत आले, असाच याचा अर्थ होतो.

२०२१ मध्ये अली हसनी आणि सहकाऱ्यांनी तुकडे पाडण्याच्या ठिकाणीच कन्व्होल्यूशनचे थर बसवले. अवघे ३७ लाख भारांक असलेले त्यांचे जाळे सिफार-१० या ६०,००० छोट्या चित्रांच्या संग्रहावर, कोणत्याही पूर्वशिक्षणाविना, सुमारे ९८ टक्क्यांपर्यंत पोचले. तुलनेसाठी, मूळ निबंधातील सर्वात लहान जाळ्यात सुमारे ८ कोटी ६० लाख भारांक आहेत. येथेही यश आले ते गृहीतक परत आणल्यामुळे. म्हणून 'ट्रान्सफॉर्मर थोड्या माहितीवरही चालतो' या विधानापुढे कोणता ट्रान्सफॉर्मर, हे विचारणे आवश्यक ठरते.

याच्या उलट दिशेचा पुरावाही आहे. जानेवारी २०२२ च्या एका निबंधात जुन्या रेसनेट-५० या कन्व्होल्यूशनल जाळ्याला, रचनेत बदल न करता, केवळ ट्रान्सफॉर्मरसाठी वापरली जाणारी शिकवण्याची पद्धत लावली गेली. त्याची अचूकता ७६.१ वरून ७८.८ टक्के झाली. जुन्या पद्धतीने शिकवलेल्या कन्व्होल्यूशनल जाळ्याची नव्या पद्धतीने शिकवलेल्या ट्रान्सफॉर्मरशी तुलना करणाऱ्या प्रकल्पात दिसणारा दोन-तीन टक्क्यांचा फरक रचनेचा नसून शिकवणीचा असू शकतो.

कापडाच्या संग्रहावर तुलना

ही सर्व सूत्रे पडताळून पाहण्यास एक खुला संग्रह सोयीचा आहे. स्पेनमधील आयटेक्स या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेचा हा संग्रह असून तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात प्रकारच्या कापडांची २४५ चित्रे आहेत. त्यांपैकी १४० निर्दोष आणि १०५ सदोष आहेत. प्रत्येक चित्र ४०९६ गुणिले २५६ पिक्सेलचे, म्हणजे लांब पट्टीसारखे आहे.

पट्टीच्या २५६ पिक्सेलच्या चौकटी केल्या तर प्रत्येकी १६, एकूण ३,९२० चौकटी मिळतात. आकडा भरघोस वाटतो. पण सदोष पट्टीतही दोष सहसा थोड्याच चौकटींत असतो. सरासरी दोन धरल्या तर सदोष चौकटी २१० होतात. अशा स्थितीत प्रत्येक चौकटीला डोळे मिटून 'निर्दोष' म्हणणारे जाळेही ९४.६ टक्के अचूक ठरते. त्यामुळे प्रकल्पाच्या अहवालात केवळ अचूकता दिलेली असेल, तर तीवरून काहीच कळत नाही. किती दोष पकडले आणि किती चांगले कापड विनाकारण बाद केले, हे दोन आकडे वेगवेगळे हवेत. पहिला आकडा घसरला तर ग्राहकाचे नुकसान होते. दुसरा बिघडला तर विणणाऱ्याच्या मजुरीला कात्री लागते.

दुसरा सापळा विभागणीचा. चौकटी पिसून त्यांतील काही शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी ठेवल्या, तर एकाच पट्टीतील शेजारच्या चौकटी दोन्हीकडे जातात. जाळे दोष न शिकता ती पट्टी, तिचा प्रकाश आणि तिची वीण पाठ करते. विभागणी चौकटींची नव्हे, पट्ट्यांची हवी. याहून कठोर परीक्षा म्हणजे सातपैकी एक कापड शिकवणीतून पूर्ण वगळून त्याच्यावर चाचणी घेणे. कारखान्यात नवे कापड मागावर चढते, तेव्हा प्रत्यक्षात हेच घडत असते.

तिसरा सापळा लहान संख्येचा. १०५ सदोष पट्ट्यांपैकी २१ परीक्षेसाठी ठेवल्या, तर एक पट्टी म्हणजेच जवळजवळ पाच टक्के. एका जाळ्याने १८ पकडल्या आणि दुसऱ्याने १७, तर यावरून कोणालाही विजयी ठरवता येत नाही. पट्ट्यांचे गट बदलून आणि आरंभीचे यादृच्छिक भारांक बदलून तोच प्रयोग अनेकदा करावा लागतो.

चौथी गोष्ट ट्रान्सफॉर्मरच्या शिकवणीशी निगडित आहे. चित्राचा चौकोन पुसण्याची युक्ती येथे घातक ठरू शकते. पुसलेल्या भागात नेमका दोष असला तर 'सदोष' अशी चिठ्ठी लावलेले निर्दोष चित्र जाळ्यापुढे जाते. आणि निर्दोष कापडावरचा पुसलेला चौकोन भोकासारखा दिसतो. चित्र मनमानी कापून घेण्यातही तोच धोका आहे. उलटसुलट करणे, थोडे सरकवणे, प्रकाश कमीजास्त करणे हे फेरफार सुरक्षित आहेत. म्हणजे ज्या युक्त्यांनी इमेजनेटवर ट्रान्सफॉर्मरची भूक भागवली, त्यांतील काही कापडावर चालत नाहीत.

व्यवहारात अर्थातच कोणी कोऱ्या जाळ्यापासून सुरुवात करत नाही. इमेजनेटवर आधी शिकलेले जाळे घेऊन त्याला कापडाची ओळख करून दिली जाते. लहान आणि मध्यम संग्रहांसाठी हा मार्ग कोऱ्या शिकवणीपेक्षा सामान्यतः श्रेयस्कर असल्याचे २०२१ च्या एका विस्तृत अभ्यासात दिसले आहे, आणि त्याने ट्रान्सफॉर्मरची उणीव बरीच भरून निघते. मात्र तुलना करताना दोन्ही जाळी एकाच संग्रहावर पूर्वशिक्षित असली पाहिजेत. १ कोटी ४० लाख चित्रे पाहिलेल्या ट्रान्सफॉर्मरला १३ लाख चित्रे पाहिलेल्या रेसनेटशी लढवणे ही स्पर्धा नव्हे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्हिजन ट्रान्सफॉर्मरच्या मूळ निबंधाने कन्व्होल्यूशनला कालबाह्य ठरवलेले नाही. जाळ्यात आधी भरलेले गृहीतक आणि बाहेरून पुरवलेली माहिती यांचा विनिमय किती दराने होतो, हे त्याने दाखवले. तो दर चढा आहे, आणि शेकड्यांत चित्रे असणाऱ्याला तो परवडत नाही. लहान आणि एका जागी असणाऱ्या दोषांसाठी पूर्वशिक्षित कन्व्होल्यूशनल जाळे हा प्रथम पर्याय राहतो. दूरवर पसरलेल्या दोषांसाठी किंवा कन्व्होल्यूशनचे थर पोटात घेतलेल्या संमिश्र रचनेसाठी ट्रान्सफॉर्मरचा विचार सयुक्तिक ठरतो.

महाविद्यालयीन प्रकल्प तपासणाऱ्या अध्यापकांना दोन चाचण्या मागता येतील. पहिली, सदोष पट्ट्या १०, २०, ४० आणि ८० अशा वाढवत नेऊन दोन्ही जाळ्यांचे आलेख एकाच कागदावर काढणे. दोन रेषा कोठे जवळ येतात हे एका अंतिम आकड्यापेक्षा अधिक बोलके असते. दुसरी, दोष असलेली चौकट १ ते १५ पिक्सेल सरकवून प्रत्येक वेळी उत्तर तपासणे. कापड तेच, दोष तोच, आणि उत्तर मात्र बदलत असेल, तर जाळ्याने दोषाऐवजी तुकड्यांची आखणी ओळखली आहे, असे समजावे. असे यंत्र तपासणीच्या टेबलावर बसवले, तर एकाच ताक्याचा निकाल कॅमेरा तसूभर सरकल्याने बदलेल, आणि त्याची भरपाई माग चालवणाऱ्याच्या मजुरीतून होईल.